गाळलेली जागा, जोडशब्द आणि परिच्छेदाचा तर्क: क्लोझ पॅसेज सोडवण्याची एक पद्धत

क्लोझ पॅसेजमधल्या गाळलेल्या जागा दोन जातींच्या असतात. काही जागा शेजारच्या दोन-चार शब्दांवरून भरता येतात: लिंग, वचन, विभक्ती, रूढ शब्दजोडी पाहिली की काम होते. दुसऱ्या जातीच्या जागेत मात्र चारही पर्याय व्याकरणात चपखल बसतात, वाक्य वाचायलाही गोड लागते, आणि तरी त्यातले तीन चूक असतात. तिथे उत्तर वाक्यात नसते. ते आधीचे वाक्य आणि पुढचे वाक्य यांच्यातल्या नात्यात असते. हा लेख फक्त या दुसऱ्या जातीबद्दल आहे, कारण शब्दसंग्रह उत्तम असलेले विद्यार्थीही गुण गमावतात ते बहुधा इथेच.

या प्रकाराचा उगम पाहिला की हा फरक नीट कळतो. ‘क्लोझ’ ही पद्धत विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडली. अपुरी आकृती मन आपोआप पूर्ण करून घेते, या मानसशास्त्रातल्या कल्पनेवरून त्यांनी हे नाव घेतले. मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजणे हा त्यांचा हेतू होता, आणि शब्द यांत्रिकपणे गाळले जात, म्हणजे ठरावीक अंतराने येणारा शब्द, मग तो कोणताही असो. स्पर्धा परीक्षांमधल्या उताऱ्यात तसे नसते. तिथे प्रश्न काढणारा माणूस शब्द निवडून गाळतो. म्हणून प्रत्येक जागेपाशी एकच प्रश्न विचारायचा: हा शब्द काढून याने माझ्यापासून नेमके कोणते नाते लपवले?

पहिली पायरी: पर्याय झाकून उतारा वाचा

संपूर्ण उतारा एकदा, पर्यायांकडे न बघता वाचायचा. जागा आली की मनात ‘काहीतरी’ म्हणायचे आणि पुढे जायचे. हे सांगायला सोपे आहे, पण करताना हात पर्यायांकडे वळतोच, आणि तिथेच घात होतो. पर्याय आधी वाचला की तो कानाला बरा वाटतो, मग आपण परिच्छेदाचा अर्थ त्या पर्यायाला जुळेल असा वाकवू लागतो.

या पहिल्या वाचनात दोनच गोष्टी शोधायच्या. परिच्छेद कुठून निघाला आणि कुठे पोहोचला ही पहिली. मधे तो कुठे वळला ही दुसरी. साध्या उताऱ्यात असे एक किंवा दोन वळसे असतात. जिथे वळसा आहे त्याच्या आसपासची जागा महत्त्वाची असते.

दुसरी पायरी: वाक्यांमध्ये खुणा करा

आता दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने खूण करायची. खुणा पाच पुरतात. परिणामाकडे जाणारा बाण (→), कारणाकडे मागे जाणारा बाण (←), विरोधासाठी फुली (×), त्याच दिशेने भर घालण्यासाठी अधिक (+), आणि आधीचेच विधान आणखी ठासून सांगितले असेल तर वर जाणारा बाण (↑). शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक असे प्रकार शिकवतात. ते वर्गीकरण पाठ असेल तर चांगलेच, पण परीक्षेत नावांपेक्षा दिशा कामाची. जोडशब्द दिसत असेल तर खूण सहज ठरते. जोडशब्दच गाळला असेल तर दोन्ही वाक्ये वाचून स्वतः ठरवायची, आणि मगच पर्याय उघडायचे.

खूण ठरवताना क्रियापदाचे रूप सोडू नका. मराठीत अर्ध्याहून जास्त इशारा तिथेच असतो. ‘झाले असते’, ‘उरली नसती’ अशी रूपे आली की न घडलेल्या गोष्टीची कल्पना चालू आहे. त्यामुळे जागेत ‘अन्यथा’ किंवा ‘नाहीतर’ येण्याची शक्यता मोठी. ‘असावा’, ‘असणार’ आले की लेखक अनुमान काढतो आहे. आणि ‘जाऊ नये’, ‘कळावे’ अशा रूपांनंतर लगेच जागा असेल तर तिथे हेतू सांगणारा ‘म्हणून’ बसण्याची दाट शक्यता.

जोडीने येणारे शब्दही असेच उपयोगी. ‘केवळ… नव्हे, तर’, ‘जरी… तरी’, ‘एकीकडे… तर दुसरीकडे’ यांचा अर्धा भाग दिसला की उरलेला अर्धा शोधायचा. इथे विचार फारसा लागत नाही, नजर लागते.

जिथे चांगले वाचकही चुकतात

खऱ्या अडचणी एकाच दिशेच्या शब्दांमध्ये येतात. ‘पण’, ‘याउलट’ आणि ‘तरीही’ घ्या. तिन्ही विरोध दाखवतात, म्हणून अनेक जण ते एकाच टोपलीत टाकतात. पण विरोध दोन प्रकारचा असतो.

‘तांब्यातून वीज सहज वाहते. ____ काचेतून ती वाहत नाही.’ इथे दोन वेगळ्या वस्तू समोरासमोर ठेवल्या आहेत, म्हणून ‘याउलट’. ‘तरीही’ घालून पाहा: तांब्यातून वीज वाहते, तरीही काचेतून वाहत नाही. वाक्य तुटते, कारण तांब्यातून वीज वाहिली म्हणून काचेतूनही वाहावी अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

आता हे पाहा. ‘काच कठीण असते. ____ ती सहज फुटते.’ इथे वस्तू एकच आहे. कठीण म्हटल्यावर न फुटण्याची अपेक्षा तयार झाली आणि ती मोडली. म्हणून ‘तरीही’. ‘याउलट’ बसत नाही, कारण तुलनेला दुसरा पक्ष नाही. ‘पण’ दोन्हीकडे चालतो, म्हणून जाणता प्रश्नकर्ता असे पर्याय देताना ‘पण’ वगळतो. तेव्हा विरोधाची फुली मारली की लगेच विचारायचे: विरोध दोघांमधला आहे की अपेक्षा आणि वास्तव यांच्यातला?

‘मात्र’ हा शब्द जागेवरूनही ओळखता येतो. ज्याच्याबद्दल वेगळे बोलायचे आहे त्याच्या लगेच मागे तो बसतो: ‘काच मात्र…’, ‘त्याला मात्र…’. ‘परंतु’ असा मधे घुसत नाही, तो उपवाक्याच्या सुरुवातीला येतो. पर्यायांत दोन्ही असतील तर जागा वाक्यात कुठे आहे एवढे पाहिले तरी निकाल लागतो. आधुनिक लेखनात ‘मात्र’ वाक्याच्या आरंभीही दिसतो. म्हणून जागा आरंभी असेल तर या कसोटीवर विसंबू नका.

दुसरी अवघड जोडी ‘म्हणून’ आणि ‘कारण’. दोन्ही कारण-परिणामच सांगतात, फक्त बाणाची दिशा उलटी. ‘ढग दाटले होते, म्हणून अंधार लवकर पडला.’ ‘अंधार लवकर पडला, कारण ढग दाटले होते.’ घाईत वाचणारा ‘कारण-परिणाम आहे’ एवढे ओळखतो आणि हाताला लागेल तो शब्द भरतो. उपाय साधा: आधी काय घडले ते बोट ठेवून ठरवा. आधी घडलेले जागेच्या अगोदर लिहिले असेल तर पुढे जाणारा बाण, नंतर लिहिले असेल तर मागे येणारा.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मुद्दाम विचारला जातो. ‘रस्ता ओला आहे, ____ पाऊस पडून गेला असावा.’ घटनाक्रमाने पाऊस आधी आणि ओला रस्ता नंतर, तेव्हा वरच्या नियमाने ‘कारण’ भरावेसे वाटते. पण लेखक इथे कारण सांगत नाही, पुराव्यावरून निष्कर्ष काढतो. ‘असावा’ हे रूप तेच दाखवते. म्हणून इथे ‘म्हणजे’. क्रियापद ‘पडून गेला होता’ असते तर ‘कारण’ बरोबर ठरले असते. एका क्रियापदाने उत्तर बदलते.

तिसरा शब्द ‘किंबहुना’. तो भारदस्त दिसतो, म्हणून विरोधाचा असेल असा अनेकांचा समज होतो. तो विरोध दाखवत नाही. आधीचे विधान कमी पडले, त्याहून पुढे जाऊन सांगतो, असा त्याचा अर्थ. ‘ही खूण उपयोगी आहे, किंबहुना तिच्यावाचून हा नकाशा वाचताच येत नाही.’ दुसरा भाग पहिल्यापेक्षा जोरकस आहे. पहिल्याच्या विरुद्ध नाही आणि नुसता नवा मुद्दाही नाही. नवा मुद्दा असता तर ‘शिवाय’ आले असते.

एक उतारा, सहा जागा

आता हे सारे एकत्र लावून पाहू. खालचा उतारा आधी पर्यायांशिवाय वाचा.

बहुतेक पदार्थ द्रवातून घनरूपात जाताना आकुंचन पावतात आणि घनता वाढल्याने तळाशी बसतात. पाणी __(1)__ गोठताना प्रसरण पावते. बर्फाची घनता पाण्याहून कमी असते ती यामुळेच, आणि __(2)__ बर्फ पाण्यात बुडत नाही. थंड प्रदेशातल्या तळ्यांमधील जीवांच्या दृष्टीने ही गोष्ट __(3)__ आहे. हिवाळ्यात तळ्याचा पृष्ठभाग गोठला __(4)__ खालचे पाणी द्रवरूपच राहते. बर्फ वर तरंगत राहतो आणि झाकणासारखे काम करतो. __(5)__ तो थरावर थर तळाशी साचत गेला असता आणि माशांना जागाच उरली नसती. माणसाला मात्र हाच गुणधर्म कधी कधी __(6)__ ठरतो. पाणी गोठून बंद नळ फुटतात आणि रस्त्यांना तडे जातात.

पर्याय असे:

(1) देखील / मात्र / म्हणून / शिवाय
(2) तरीही / अन्यथा / म्हणूनच / कदाचित
(3) अपवादात्मक / चिंतेची / क्षुल्लक / उपकारक
(4) की / तर / तरी / म्हणजे
(5) परिणामी / अन्यथा / उदाहरणार्थ / त्याचप्रमाणे
(6) उपयोगी / अपरिचित / त्रासदायक / नैसर्गिक

पहिल्या वाचनात परिच्छेदाचा रस्ता दिसतो: सर्वसाधारण नियम, पाण्याचा अपवाद, त्या अपवादाचा जलचरांना फायदा, शेवटी माणसाच्या बाजूने उलट चित्र. वळसे दोन आहेत. एक दुसऱ्या वाक्यात, दुसरा ‘माणसाला मात्र’ इथे.

क्रमाने सोडवायचा हट्ट नको. सर्वांत पक्की जागा आधी घ्यावी. ती इथे पाचवी. ‘साचत गेला असता’, ‘उरली नसती’ ही रूपे न घडलेल्या गोष्टीची आहेत, तेव्हा ‘अन्यथा’. ‘परिणामी’ मोह पाडतो, कारण दोन्ही भागांत कारण-परिणामाचा वास आहे. पण परिणाम खरोखर घडलेला हवा, आणि इथे तो घडलेला नाही. ‘अन्यथा’ भरल्यावर एक तपासणी आवश्यक असते: हा शब्द नेमके काय नाकारतो आहे? इथे तो ‘वर तरंगत राहतो’ हे नाकारतो. बर्फ वर तरंगला नसता तर तळाशी साचला असता. अर्थ लागतो, उत्तर पक्के.

पहिल्या जागेत पदार्थ आकुंचन पावतात आणि पाणी प्रसरण पावते, म्हणजे दोन पक्षांमधला विरोध. जागाही ‘पाणी’ या शब्दाच्या लगेच मागे आहे. ‘मात्र’. ‘देखील’ वाचायला फार सहज जाते, आणि ‘आकुंचन’ व ‘प्रसरण’ या दोन शब्दांवरून नजर घसरली तर तेच निवडले जाते.

दुसऱ्या जागेत घनता कमी आणि न बुडणे: अपेक्षित तेच घडले. पुढे जाणारा बाण, ‘म्हणूनच’. ‘न बुडणे’ यातला नकार पाहून काही जण विरोधाची फुली मारतात आणि ‘तरीही’ निवडतात. वाक्यातला ‘नाही’ आणि दोन वाक्यांमधला विरोध यांचा काही संबंध नाही. नकारार्थी वाक्यही सरळ परिणाम असू शकते. ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यासाठी वेगळी सवय लावावी असे मी सांगेन: नकार दिसला की वाक्य होकारार्थी करून वाचायचे. ‘घनता कमी आहे, ____ तो तरंगतो.’ मग शंका राहत नाही.

चौथ्या जागेत पर्यायांकडूनच मदत मिळते. ‘गोठला की’, ‘गोठला तर’, ‘गोठला म्हणजे’ या तिघांचा अर्थ इथे जवळजवळ एकच: हे झाले की ते होते. एका जागेला तीन बरोबर उत्तरे असू शकत नाहीत, म्हणून तिघेही बाद व्हायची शक्यता मोठी. पण एवढ्यावर थांबू नका. उताऱ्यातून खात्री करा. ‘द्रवरूपच’ मधला ‘च’ पाहा. वरचा भाग गोठल्यावर खालचाही गोठेल ही अपेक्षा होती आणि ती मोडली, हे तो ‘च’ सांगतो. अपेक्षा मोडली, म्हणून ‘तरी’.

तिसरी जागा सर्वांत चांगली. तिथे जोडशब्द नाही, विशेषण गाळले आहे, आणि तरीही उत्तर पूर्णपणे परिच्छेदाच्या तर्कावर अवलंबून आहे. तिसऱ्या जागेपर्यंतच वाचले तर चारही पर्याय चालतात. ‘अपवादात्मक’ तर फारच योग्य वाटते, कारण नुकताच अपवादाचा विषय झाला आहे. हा प्रश्नकर्त्याचा आवडता सापळा: मागच्या वाक्यातली कल्पना पर्यायात ठेवून द्यायची. पण वाक्य म्हणते ‘जीवांच्या दृष्टीने’, म्हणजे आता त्यांच्या फायद्या-तोट्याची बाब चालू आहे. पुढच्या तीन वाक्यांत पाणी द्रवरूप राहणे आणि माशांना जागा उरणे येते. ‘उपकारक’. म्हणजे मूल्य सांगणारा शब्द गाळला असेल तर त्याचा पुरावा बहुधा पुढच्या वाक्यांत शोधावा. विधान आधी आणि खुलासा नंतर, अशी अनेक परिच्छेदांची चाल असते.

सहावी जागा आता आपोआप सुटते. ‘मात्र’ने दिशा उलटली, तिसऱ्या जागेत ‘उपकारक’ होते, म्हणजे इथे त्याच्या विरुद्ध. नळ फुटणे आणि तडे जाणे हा पुरावाही मागोमाग आहेच. ‘त्रासदायक’. इथे एक जोखीम लक्षात घ्या. तिसरी जागा चुकवून ‘चिंतेची’ भरली असती, तर ‘मात्र’ पाहून सहावीत ‘उपयोगी’ भरण्याचा मोह झाला असता. अशा जागा साखळीने जोडलेल्या असतात. म्हणून साखळीतली जी कडी स्वतंत्र पुराव्याने सिद्ध होते तिच्यापासून सुरुवात करावी. इथे सहावीचा पुरावा शेवटच्या वाक्यात स्पष्ट आहे. तिसरी अडली असेल तर आधी सहावी सोडवून ‘मात्र’वरून मागे येता येते.

शेवटची पायरी: उलट चाचणी

सर्व जागा भरल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या जागेत क्षणभर उलट दिशेचा शब्द ठेवून वाचायचे. ‘म्हणूनच’च्या जागी ‘तरीही’, ‘मात्र’च्या जागी ‘देखील’. परिच्छेद मोडला तर तुमचे उत्तर बरोबर दिशेचे. दोन्ही वाचायला सारखेच बरे वाटत असतील तर तुम्ही दोन वाक्यांमधले नाते अजून ओळखलेले नाही. मग त्या दोन वाक्यांपाशी परत जायचे. पर्याय पुन्हा पुन्हा वाचून उपयोग होत नाही.

दोन पर्याय उरले आणि दोघांची दिशा एकच असेल, तर तीव्रता पाहायची. ‘शिवाय’ नवा मुद्दा आणतो, ‘किंबहुना’ जुना मुद्दा वाढवतो. ‘परिणामी’ला घडलेला परिणाम लागतो, ‘पर्यायाने’ एक टप्पा मधे ठेवून आलेला परिणामही सांगतो. तेही सारखे निघाले तर ‘त्यामुळे’, ‘याउलट’ यांच्यातल्या सर्वनामाकडे बघा: ‘त्या’ने नेमके कशाकडे बोट दाखवले हे आधीच्या वाक्यात सापडले पाहिजे. सापडत नसेल तर तो पर्याय सोडा.

बाहेरच्या ज्ञानाबद्दलही एक सांगायला हवे. वरचा विषय ज्याला आधीपासून माहीत आहे त्याला उतारा सोपा जाईल, पण ते ज्ञान उत्तराचा आधार नव्हे. उताऱ्यातला लेखक तुमच्या माहितीच्या विरुद्ध मतही मांडू शकतो, आणि तेव्हा जागा त्याच्या तर्काने भरायची, तुमच्या नाही.

सरावासाठी छापील संचांपेक्षा साधा मार्ग चांगला चालतो. कोणताही युक्तिवाद करणारा परिच्छेद घ्या, अग्रलेख किंवा विज्ञानविषयक लेख, आणि त्यातले सगळे जोडशब्द खोडून टाका. दुसऱ्या दिवशी तो परिच्छेद पुन्हा घेऊन आधी फक्त खुणा करा, मग शब्द भरा, मग मूळ पाहा. चुकलेल्या जागेपुढे एकच नोंद करा: दिशा चुकली, की दिशा बरोबर असून प्रकार चुकला? दिशा चुकत असेल तर वाचन घाईचे होते आहे. प्रकार चुकत असेल तर ‘तरीही’, ‘याउलट’, ‘किंबहुना’ यांसारख्या शब्दांची प्रत्येकी चार-पाच वाक्ये स्वतः लिहून काढा.